राजीनामा कोणाकडे, कोणत्या तारखेचा, आणि घरी काय सांगायचे

प्रश्न : मी यांत्रिक अभियंता आहे. भारतातील एका कंपनीत चार वर्षे काम केल्यावर कंपनीने मला तिच्या जर्मनीतील उपकंपनीत पाठवले. इथे माझा वेगळा स्थानिक करार झाला आणि भारतातील नियुक्ती ‘स्थगित’ ठेवल्याचे पत्र मिळाले. त्याला तीन वर्षे होत आली. आता जर्मनीतल्याच दुसऱ्या कंपनीत १ जुलैपासून नोकरी मिळाली आहे. माझ्या करारात नोटीस पिरियड तीन महिन्यांचा, तिमाहीच्या अखेरीस संपणारा, असा आहे. राजीनामा इंग्रजीत लिहिला आहे; सही करून, स्कॅन करून व्यवस्थापकांना ई-मेलने पाठवणार आहे. आई-बाबा आणि सासूबाई इंग्रजी वाचत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी मराठीत सारांश लिहायचा आहे. माझे दीर मूळ कंपनीच्या भारतातील कारखान्यात आहेत. घरी कोणी नावे ठेवू नयेत म्हणून सारांशात ‘इथला प्रकल्प संपला’ असे लिहावे असे वाटते. दोन्ही मजकूर कसे असावेत? — एक वाचक, जर्मनी

उत्तर : सर्वांत आधी एक विनंती. तो ई-मेल पाठवू नका. जर्मनीच्या नागरी संहितेतील कलम ६२३ नुसार नोकरी सोडण्याचे पत्र कागदावर, स्वतःच्या हाताने केलेल्या सहीचे असावे लागते आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूप तेथे स्पष्टपणे वगळलेले आहे. स्कॅन केलेली सही, पीडीएफ, व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो किंवा मूळ कंपनीच्या पोर्टलवरील राजीनाम्याचे बटण, यांपैकी कशानेही तुमचा जर्मनीतील करार संपत नाही. हा नियम मालकाला जसा लागू आहे तसाच कर्मचाऱ्यालाही आहे. आपल्याकडे ई-मेलने दिलेला राजीनामा सर्रास चालतो, त्यामुळे भारतातून गेलेल्या अभियंत्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. धोक्याची गोष्ट अशी की ई-मेल मिळाल्यावर व्यवस्थापक बहुतेक वेळा आपुलकीने उत्तर देतात, शुभेच्छा देतात, काम कोणाकडे सोपवायचे याची चर्चाही सुरू होते आणि सारे सुरळीत चालले आहे असे वाटते. मे महिन्यात वेतन विभाग सहीचा मूळ कागद मागतो तेव्हा तो कोणाकडेच नसतो, आणि करार अजून चालू आहे असे म्हणायला कंपनीला जागा मिळते.

तुमच्या बाबतीत तारखेचे गणित विशेष नाजूक आहे, म्हणून ते नीट मांडतो. करारात काही ठरलेले नसते तर कायद्याने चार आठवड्यांची नोटीस पुरली असती, आणि ती महिन्याच्या १५ तारखेस किंवा अखेरीस संपली असती. तुमचा करार मात्र तीन महिने आणि तिमाहीची अखेर अशा दोन अटी एकत्र घालतो. ३० जूनला मोकळे व्हायचे असेल, तर पत्र ३१ मार्चपर्यंत कंपनीच्या हाती पडलेच पाहिजे. ते १ एप्रिलला पोहोचले तर तीन महिने १ जुलैला पूर्ण होतात, त्या दिवशी तिमाही संपत नाही, आणि तुमची सुटका थेट ३० सप्टेंबरवर जाते. एका दिवसाच्या उशिराची किंमत तीन महिने होते, आणि त्या तीन महिन्यांत तुम्ही एकाच वेळी दोन कंपन्यांना बांधलेल्या असाल. या हिशेबात पत्रावर लिहिलेली तारीख किंवा पत्र टपालात टाकल्याची तारीख मोजत नाहीत. ते समोरच्याला मिळाले तो दिवस मोजतात. म्हणून मार्चची अखेर गाठण्याच्या नादी न लागता महिन्याच्या मध्याच्या सुमारास पत्र द्या. करारातील नोटिशीचे कलम पुन्हा एकदा मूळ जर्मन मजकुरात वाचा, कारण सोबत दिलेला इंग्रजी तर्जुमा अनेक करारांत केवळ माहितीसाठी असतो आणि वाद झाल्यास जर्मन मजकूर ग्राह्य धरला जाईल असे शेवटच्या पानावर लिहिलेले असते.

पत्र देण्याची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे स्वतः उपकंपनीच्या एचआर विभागात जाऊन ते हातात देणे आणि दुसऱ्या प्रतीवर ‘मूळ पत्र मिळाले’ असे लिहून तारीख आणि सही घेणे. कोणी सही द्यायला कचरले तर हुज्जत घालू नका. एखाद्या परिचित व्यक्तीला पत्र वाचायला द्या, तिच्यासमोर ते पाकिटात घाला, आणि तिच्या हातून कंपनीच्या टपालपेटीत कार्यालयीन वेळेत टाकवून घ्या. पुढे गरज पडली तर आत काय होते आणि ते केव्हा पोहोचले हे ती सांगू शकेल. नोंदणीकृत टपालावर फार विसंबू नये. टपाल कार्यालयाची पावती आणि संकेतस्थळावर दिसणारी ‘पोहोचले’ ही नोंद, एवढ्यावरून पत्र मिळाल्याचे गृहीत धरता येत नाही, असे जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयाने जानेवारी २०२५ मधील एका निकालात म्हटले आहे. मूळ पत्र पोहोचल्यानंतर व्यवस्थापकांना ई-मेलने कळवायला काहीच हरकत नाही, किंबहुना सौजन्य म्हणून ते करावेच. फक्त क्रम उलटा होऊ देऊ नका.

आता पत्रातील मजकूर. ते इंग्रजीत असणे मुळीच गैर नाही. ज्या भाषेत कंपनीत रोजचा कारभार चालतो, त्या भाषेत केलेले निवेदन समोरच्याला समजते आणि तेवढे पुरते. प्रश्न भाषेचा नसून सूर कोणता लावायचा याचा आहे. आपल्याकडच्या पत्रांत ‘माझा राजीनामा स्वीकारावा ही नम्र विनंती’ अशी धाटणी असते, आणि तुमच्या इंग्रजी मसुद्यातही तीच उतरली असण्याची शक्यता मोठी आहे. जर्मन कायद्यात नोकरी सोडणे हे एकतर्फी निवेदन आहे आणि त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नसते. विनंतीच्या भाषेतले पत्र हा परस्परसंमतीने करार संपवण्याचा प्रस्ताव आहे, असा अर्थ लावला जाऊ शकतो. तसा संमतीचा करार दोन्ही बाजूंच्या सह्यांनी कागदावर व्हावा लागतो, आणि तो होईपर्यंत तुमची नोटीस सुरूच होत नाही. म्हणून पहिले वाक्य सरळ निर्णयाचे असू द्या: अमुक तारखेच्या करारानुसार असलेली नोकरी मी ३० जून रोजी संपेल अशा रीतीने सोडत आहे, आणि ती तारीख नियमात बसत नसल्यास त्यानंतरच्या पहिल्या शक्य तारखेस. हा दुसरा भाग जरूर लिहा. तारीख मोजण्यात चूक झाली असली तरी त्यामुळे पत्र निरर्थक ठरत नाही.

पत्राच्या शिरोभागी उपकंपनीचे करारात आहे तसे पूर्ण नोंदणीकृत नाव आणि पत्ता हवा; मूळ कंपनीचे नाव नको आणि समूहाचे व्यापारी नावही नको. त्यानंतर दोन-तीन वाक्ये पुरतात. शिल्लक रजा नोटिशीच्या काळात घेऊ द्यावी, पत्र मिळाल्याची लेखी पोच द्यावी, आणि कामाचे स्वरूप व दर्जा या दोन्हींचा उल्लेख असलेले सविस्तर सेवा-प्रमाणपत्र द्यावे. हे प्रमाणपत्र मिळणे हा तिथला कायदेशीर हक्क आहे, आणि पुढच्या प्रत्येक अर्जाबरोबर ते मागितले जाते. रजेचा हिशेब मात्र पत्र देण्याआधी स्वतः करून ठेवा. वर्षाच्या पूर्वार्धात नोकरी सुटली तर त्या वर्षाची रजा पूर्ण झालेल्या महिन्यांच्या प्रमाणात मिळते. करारात वर्षाला ३० दिवस असतील तर जूनअखेर १५ होतात. त्यांतील ६ घेतले असतील तर ९ उरतात, आणि कामाच्या गरजेमुळे तेही घेता आले नाहीत तर त्यांचे पैसे मिळतात. शेवटी पूर्ण नावाची सही करा. ई-मेलखाली करतो तशी आद्याक्षरे चालत नाहीत.

सोडण्याचे कारण लिहू नका. कायदा ते मागत नाही. व्यवस्थापकांविषयी काही सल असेल तर ती या कागदावर उतरवल्याने तुमच्या हाती काही लागत नाही, आणि सेवा-प्रमाणपत्र लिहिणाऱ्याच्या हाती मात्र ते पत्र असते. त्याचप्रमाणे स्थलांतराचा किंवा प्रशिक्षणाचा खर्च परत करण्याची एखादी अट करारात असेल, तर ‘देणे लागत असल्यास भरीन’ अशी कबुली सौजन्यापोटीसुद्धा देऊ नका. अशा अटी जर्मनीत पुष्कळदा न्यायालयात टिकत नाहीत. कंपनीने मागणी केलीच तर ती तपासून घेता येईल.

आता ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख आहे, पण जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्याकडे वळतो. तुमच्या नोकऱ्या दोन आहेत. जर्मनीतील कराराने तुम्ही उपकंपनीच्या कर्मचारी आहात, आणि स्थगितीच्या पत्राने मूळ कंपनीतील तुमची नियुक्ती झोपलेली आहे, संपलेली नाही. तुम्ही फक्त उपकंपनीचा राजीनामा दिलात तर १ जुलैला भारतातील नियुक्ती आपोआप जागी होते आणि तुम्ही तिथे कामावर हजर व्हावे अशी अपेक्षा उभी राहते. हजर न झाल्यास न कळवता कामावरून गैरहजर अशी नोंद होते. मग रिलिव्हिंग लेटर अडते, आणि हे तुम्हाला कित्येक महिन्यांनी कोणत्या तरी पडताळणीत कळते. म्हणून दुसरे, स्वतंत्र पत्र मूळ कंपनीला हवे. त्यात मूळ नियुक्तिपत्राची आणि स्थगितीच्या पत्राची तारीख द्या, भारतातील नियुक्तीही ३० जूनपासून संपवत असल्याचे लिहा आणि रिलिव्हिंग लेटर व अंतिम हिशेब मागा. भारतातील नोटीस पिरियड नियुक्तिपत्रात पाहा. तिथे ९० दिवस लिहिले असतील तर ते तिमाहीच्या अखेरीशी जोडलेले नसतात, त्यामुळे जर्मनीतील पत्र दिले त्याच दिवशी हेही पत्र दिले म्हणजे दोन्हींची तारीख जुळते. हे पत्र ई-मेलने किंवा पोर्टलवरून दिले तरी साधारणपणे चालते.

स्थगितीचे पत्र काढून त्यात एकच गोष्ट शोधा: परदेशातील काळ भारतातील सेवेत धरला जाईल की नाही. भारतात चारच वर्षे झालेली असल्यामुळे याला मोठा अर्थ आहे. ग्रॅच्युइटीसाठी साधारणतः पाच वर्षांची सलग सेवा लागते. परदेशातील तीन वर्षे सेवेत धरली तर सात होतात, न धरली तर चारच राहतात. पत्रात ‘सेवा अखंड मानली जाईल’ असे काही असेल तर तुमच्या राजीनाम्यात ते वाक्य तारखेसह उद्धृत करून ग्रॅच्युइटीचा हिशेब लेखी मागा. काहीच लिहिलेले नसेल तर राजीनामा देण्याआधी मूळ कंपनीच्या एचआरकडे साधी चौकशी करण्याचा मोह होईल, पण तो आवरा, कारण त्या चौकशीनेच तुमचा बेत उघड होईल. भविष्यनिर्वाह निधीचेही बघा. तुमची वर्गणी जर्मनीत गेल्यापासून थांबली असेल, तर खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेली नसण्याचा संभव आहे, आणि ती नसली की पुढचे बहुतेक दावे अडकतात. कंपनीने ती नोंदवली नाही, तर शेवटच्या वर्गणीला दोन महिने उलटल्यावर सदस्याला स्वतःही पोर्टलवर ती नोंदवता येते.

तुमच्याकडे कोणता निवास परवाना आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. स्थानिक करार असल्याने बहुधा ब्लू कार्ड असावे, आणि त्यावर पहिले १२ महिने उलटलेले असल्याने नोकरी बदलायला आड काही येत नाही. तरीही ज्या नोकरीसाठी परवाना मिळाला ती मुदतीआधी संपत असल्याचे परदेशी नागरिक कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवण्याचे बंधन तुमच्यावरच आहे. नव्या करारासह एक ई-मेल केला की ते पूर्ण होते. कार्डावर समूहांतर्गत बदलीचा परवाना, म्हणजे आयसीटी कार्ड, असे लिहिलेले असेल तर मात्र राजीनामा आजच थांबवा. तो परवाना त्या समूहातील कामापुरताच असतो, त्यावर दुसऱ्या कंपनीत काम करता येत नाही, आणि नवा परवाना हाती येईपर्यंत जुनी नोकरी सोडणे धोक्याचे ठरेल. नव्या कंपनीच्या करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झालेल्या असाव्यात, हेही सांगून ठेवतो. नुसते निवडीचे पत्र पुरेसे नाही, कारण एकदा पोहोचलेला राजीनामा कंपनीच्या संमतीशिवाय मागे घेता येत नाही.

घरच्या सारांशाकडे येतो. ‘इथला प्रकल्प संपला’ हे लिहू नका. तुमचे दीर त्याच कंपनीत आहेत, आणि प्रकल्प चालू आहे हे त्यांना चहाच्या वेळी कोणीही सांगेल. त्यानंतर सासूबाईंच्या मनात तुमच्या राजीनाम्यापेक्षा तुम्ही दिलेल्या कारणाचीच चर्चा जास्त होईल. शिवाय प्रकल्प संपला असे ऐकल्यावर वडीलधाऱ्यांच्या मनात पहिली भीती येते ती नोकरी गेल्याची, आणि तुम्हाला नेमकी तीच टाळायची आहे. चांगली नोकरी मिळाली म्हणून पहिली सोडली, यात लपवण्यासारखे काय आहे? मला तर हे कारण सांगायला सर्वांत सोपे वाटते.

सारांश केव्हा पाठवायचा याला मात्र मी फार महत्त्व देतो. दोन्ही पत्रे पोहोचून पोच हाती आल्यावरच तो पाठवा, आधी नाही. दीर कितीही विश्वासाचे असले तरी त्याच कंपनीत आहेत, आणि वरिष्ठांना तुमच्याआधी ही बातमी त्यांच्याकडून कळली तर ते तुम्हाला आणि त्यांनाही अवघड जाईल. इंग्रजी पत्राचा फोटो घरच्या गटावर टाकू नका. त्यातली कोरडी भाषा कोणीतरी अर्धवट वाचून दाखवतो आणि पुढे जातो तो त्या वाचणाऱ्याचा अर्थ. सारांश हा पत्राचा शब्दशः तर्जुमाही नको. करार, कलमे, शिल्लक रजा यांच्याशी आई-बाबांना काही कर्तव्य नाही. काय ठरले, केव्हापासून, पगारात खंड पडणार का, मुले आणि घर कुठे राहणार, एवढे त्यांना हवे असते. तारखा मात्र पत्रातल्याच ठेवा. घरी ‘मे महिन्यात सुटेन’ असे मोघम लिहिले की लग्नकार्य आणि प्रवासाची तिकिटे त्या अंदाजाने ठरू लागतात.

तुमच्या घरची माहिती मला नाही, त्यामुळे खालचा मजकूर नमुना म्हणून घ्या आणि जिथे तो लागू नसेल तिथे बदला.

*ती. आई-बाबा आणि ती. आईंना सा. न. वि. वि.*

*एक बातमी मीच सांगावी म्हणून लिहिते आहे. मी इथली सध्याची नोकरी सोडायचे ठरवले असून तसे पत्र कंपनीला दिले आहे. जर्मनीतल्याच दुसऱ्या कंपनीत मला काम मिळाले आहे आणि त्याचा करार झाला आहे. सध्याच्या कंपनीत माझा शेवटचा दिवस ३० जून, आणि नव्या ठिकाणी १ जुलैला रुजू होणार. मध्ये एकही दिवस रिकामा जात नाही, त्यामुळे पगारात खंड नाही आणि आरोग्यविमाही चालू राहतो. आपण दरमहा पाठवतो ती रक्कम तशीच पाठवू.*

*मला कोणी काढलेले नाही आणि कोणाशी भांडणही झालेले नाही. नव्या ठिकाणचे काम मला हवे तसे आहे, म्हणून हा निर्णय मी विचार करून घेतला. भारतातल्या मूळ कंपनीतली माझी नेमणूकही याच तारखेला संपेल. म्हणजे परत आल्यावर त्या कंपनीत जागा राखलेली असणार नाही, हे तुम्हाला स्पष्ट माहीत असावे.*

*नव्या नोकरीत पहिले सहा महिने परीक्षाकाळ असतो, त्या काळात मोठी रजा मिळेलच असे नाही. म्हणून या वर्षी येण्याचे दिवस अजून ठरवलेले नाहीत. ठरले की कळवीन. भाऊजींना मी स्वतः फोन करून हे सांगितले आहे, त्यांच्या कार्यालयात आणखी कोणाशी बोलू नये ही विनंती.*

नमुन्यातील मूळ कंपनीतल्या जागेचे वाक्य तुम्हाला गाळावेसे वाटेल, पण ते गाळू नका. ‘काही झाले तर परत ये, तिकडची नोकरी आहेच’ हा आधार घरच्यांनी मनात धरलेला असतो, आणि तुमच्या दुसऱ्या पत्राने तो संपत आहे. परीक्षाकाळाबद्दलही असेच आहे. तिथे या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी सुटू शकते, हे सासूबाईंना लिहिण्याची गरज नाही, पण तुमच्या पतीला ते माहीत असले पाहिजे आणि घराचा हप्ता असेल तर त्याची तजवीज दोघांनी मिळून आधी करून ठेवली पाहिजे.

दिरांना फोन पत्रे दिली त्याच दिवशी संध्याकाळी करा आणि घरचा सारांश त्यानंतर पाठवा. मूळ कंपनीत तुमचे पत्र पोहोचल्यावर ते त्यांच्या विभागापर्यंत जायला वेळ लागत नाही, आणि त्यांना ते तुमच्या तोंडून आधी कळलेले असावे.